किती माणसे मोजली तर दिसेल?

१९९८ साली ‘नेचर जेनेटिक्स’ या नियतकालिकात पीपार-गॅमा नावाच्या जनुकावर एक शोधनिबंध आला. मधुमेहासाठी पायोग्लिटाझोनची गोळी घेणारे पुष्कळजण आपल्या ओळखीत असतात. ती गोळी मेदपेशींतल्या ज्या प्रथिनाला जाऊन चिकटते, ते प्रथिन या जनुकापासून बनते. त्याच्या साखळीत बाराव्या जागी बहुतेकांकडे प्रोलीन हे अमिनो आम्ल असते, तर थोड्यांकडे अ‍ॅलानीन. जनुकाच्या अशा पर्यायी रूपांना अ‍ॅलील म्हणतात. प्रत्येक माणसाकडे जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून. म्हणून शंभर माणसे तपासली की दोनशे अ‍ॅलील मोजून होतात.

त्या निबंधात जपानी वंशाच्या अमेरिकनांचा एक छोटा गट होता. ज्यांच्या दोन्ही प्रती प्रोलीनच्या होत्या, त्यांचा टाइप-२ मधुमेहाशी असलेला संबंध दर्शवणारा ऑड्स रेशो निघाला ४.३५. पी-मूल्य ०.०२८ होते, म्हणजे ०.०५ च्या रूढ मर्यादेच्या आत. साहजिकच इतर प्रयोगशाळांनी आपापल्या रुग्णांत हा संबंध शोधला. नंतरच्या पाच अहवालांपैकी चारांना तो सापडला नाही. कोणालाही वाटावे की मूळचा निष्कर्षच चुकीचा होता.

तो चुकीचा नव्हता, पण ४.३५ हा आकडाही खरा नव्हता. २००० साली डेव्हिड अल्टशुलर आणि सहकाऱ्यांनी टाइप-२ मधुमेहाशी जोडले गेलेले सोळा जनुकीय दावे पुन्हा तपासले. त्यांतला एकच टिकला, तो हाच. तीन हजारांहून अधिक माणसे तपासल्यावर प्रोलीन अ‍ॅलीलमुळे वाढणारी जोखीम निघाली १.२५ पट आणि पी-मूल्य ०.००२. आधी ‘संबंध नाही’ म्हणणाऱ्या अभ्यासांचे आकडे या १.२५ शी विसंगत नव्हते. इतका लहान फरक दिसेल एवढी माणसेच त्यांनी मोजलेली नव्हती.

असा अभ्यास सुरू करण्याआधी किती माणसे लागतील हे कसे ठरवतात, ते या एकाच अ‍ॅलीलवर पायरी पायरीने पाहू.

अभ्यासाची रचना सोपी असते. एका बाजूला मधुमेह असलेले रुग्ण, दुसऱ्या बाजूला मधुमेह नसलेले लोक म्हणजे तुलना गट. दोन्हींकडचे अ‍ॅलील मोजायचे आणि प्रमाणात फरक आहे का ते बघायचे. युरोपीय वंशाच्या लोकांत प्रोलीनचे प्रमाण सुमारे ८५ टक्के आणि अ‍ॅलानीनचे १५ टक्के आहे. ऑड्स म्हणजे ‘आहे’ आणि ‘नाही’ यांचे गुणोत्तर. तुलना गटात ते ८५ भागिले १५, म्हणजे ५.६७ होते. जोखीम १.२५ पट असेल तर रुग्णांत ते ७.०८ व्हायला हवे. उलट हिशेब केला की रुग्णांत प्रोलीन ८७.६ टक्के आणि अ‍ॅलानीन १२.४ टक्के येते.

‘सव्वापट जोखीम’ ऐकायला बरीच वाटते. प्रत्यक्ष मोजायचा फरक आहे १५ आणि १२.४ यांच्यातला, म्हणजे जेमतेम अडीच टक्क्यांहून थोडा जास्त.

आता प्रत्येक बाजूला शंभर माणसे घेऊ. दोनशे अ‍ॅलीलपैकी तुलना गटात अ‍ॅलानीन ३० वेळा आणि रुग्णांत २५ वेळा येईल अशी अपेक्षा आहे. पण आलेली शंभर माणसे ही योगायोगाने आलेली असतात. वेगळे शंभर निवडले असते तर ३० च्या जागी २५ किंवा ३६ही आले असते. दोन्ही गटांतली ही डगमग एकत्र केली तर दोन संख्यांमधल्या फरकाचे प्रमाण विचलन सुमारे ७ येते. शोधायचा फरक ५ चा आणि योगायोगाने होणारी हालचाल ७ ची. वर्दळीच्या रस्त्यावर कोणी कुजबुजावे तसे हे आहे. अशा अभ्यासाला खरोखर असलेला फरक सापडण्याची शक्यता बारा टक्क्यांच्या आसपास असते. या शक्यतेलाच सांख्यिकीय शक्ती किंवा नुसते ‘पॉवर’ म्हणतात. बारा टक्के पॉवर म्हणजे असे शंभर अभ्यास केले तर अठ्ठ्याऐंशी जण खऱ्या गोष्टीला ‘संबंध आढळला नाही’ म्हणतील.

उरलेल्या बारांचे काय होते, हे मला त्याहून अधिक काळजीचे वाटते. पी-मूल्य ०.०५ च्या खाली यायचे तर तुलना गटात ३० अ‍ॅलानीन असताना रुग्णांत ते १७ किंवा त्याहून कमी निघावे लागतात. १८ निघाले तरी मर्यादा ओलांडली जात नाही. ३० आणि १७ यांचा ऑड्स रेशो १.९ येतो. म्हणजे खरी जोखीम १.२५ असताना या आकाराचा अभ्यास ‘सापडले’ असे म्हणू शकतो, ते फक्त योगायोगाने आकडा दुपटीच्या जवळ फुगला असेल तेव्हाच. खरे उत्तर जसेच्या तसे मिळाले तर तो अभ्यास अपयशी ठरतो. हे फुगलेले बारा छापून येतात, अठ्ठ्याऐंशी पुष्कळदा टेबलाच्या खणात राहतात. या प्रकाराला संशोधक ‘विजेत्याचा शाप’ म्हणतात. १९९८ च्या ४.३५ मागे कोणाची लबाडी नव्हती. छोट्या गटातून पहिल्यांदा पुढे आलेला आकडा असाच मोठा असतो.

हाच आकडा खरा मानून पुढच्याने नियोजन केले तर काय होते? युरोपीय प्रमाण घेऊन, अ‍ॅलीलमागे ४.३५ पट असा ढोबळ हिशेब केला, तर ८० टक्के पॉवरसाठी प्रत्येक बाजूला साधारण ५३ माणसे पुरतात असे उत्तर येते. प्रस्तावात ‘पॉवर ८० टक्के’ असे लिहिले जाते आणि तो मंजूरही होतो. प्रत्यक्षात, जोखीम १.२५ असल्यामुळे, त्या अभ्यासाची खरी पॉवर नऊ टक्क्यांच्या आसपास असते. पाचांपैकी चार अपयशी अहवाल याच दृष्टीने वाचायला हवेत.

मग किती माणसे हवीत? इथे एक गोष्ट लक्षात घेतली की सगळे नियोजन हातात येते. माणसे वाढवली की अपेक्षित फरक त्याच पटीत वाढतो, पण योगायोगाची डगमग फक्त वर्गमुळाच्या पटीत वाढते. माणसे चौपट केली तर फरक चौपट होतो आणि डगमग दुप्पट. त्यामुळे कुठेतरी फरक डगमगीच्या वर येतो. तो किती पट वर यायला हवा? पाच टक्क्यांच्या मर्यादेसाठी १.९६ पट. पण नेमका तेवढाच ठेवला तर पॉवर पन्नास टक्केच राहते, कारण निम्म्या वेळा तो योगायोगाने थोडा खाली घसरेल. घसरण्यासाठी थोडी मोकळीक ठेवावी लागते. ८० टक्के पॉवरसाठी ती मोकळीक ०.८४ आहे. दोन्ही मिळून २.८.

आता प्रत्येक बाजूला १,३४० माणसे, म्हणजे २,६८० अ‍ॅलील घेऊ. तुलना गटात अ‍ॅलानीन सुमारे ४०२, रुग्णांत सुमारे ३३२. फरक ७०, आणि डगमग २५. ७० भागिले २५ म्हणजे २.८. म्हणून उत्तर १,३४०. दोन्ही बाजू मिळून २,६८० माणसे. अल्टशुलर यांच्या तीन हजारांना जे दिसले ते शंभरांना का दिसले नाही, ते इथे कळते. ज्यांना स्वतः करून पाहायचे असेल त्यांच्यासाठी आर या मोफत संगणकप्रणालीत ही एक ओळ पुरते:

```
power.prop.test(p1 = 0.15, p2 = 0.1237,
                power = 0.80, sig.level = 0.05)
```

संगणक २,७०० च्या जवळपासचा आकडा देईल. नवखा माणूस इथेच फसतो. तो आकडा एका बाजूच्या अ‍ॅलीलचा असतो, माणसांचा नाही. त्याला दोनाने भागायचे. हे भागणेही बिनशर्त नाही. माणसाच्या दोन प्रती एकमेकींपासून स्वतंत्र आहेत असे त्यात गृहीत धरलेले असते. दोन्ही प्रती प्रोलीनच्या, एक-एक आणि दोन्ही अ‍ॅलानीनच्या अशा तिन्ही प्रकारची माणसे तुलना गटात अपेक्षित प्रमाणात आहेत का, हे हार्डी-वाइनबर्ग समतोलाच्या तपासणीतून पाहतात. १५ टक्के अ‍ॅलानीन असेल तर दोन्ही प्रती अ‍ॅलानीनच्या असणारे सव्वादोन टक्के, एक प्रत असणारे साडेपंचवीस टक्के आणि बाकीचे सव्वाबहात्तर टक्के. यापासून आकडे फार दूर गेले तर बहुधा प्रयोगशाळेत वाचनाची चूक झालेली असते, आणि मग पुढच्या हिशेबाला अर्थ उरत नाही.

वर्गमुळाच्या या नियमाची दुसरी बाजू कडू आहे. शोधायचा फरक निम्मा झाला तर माणसे दुप्पट नाही, चौपट लागतात. म्हणून किती पट जोखीम धरायची, हा नियोजनातला सर्वांत महाग निर्णय असतो. माझ्या मते तो पहिल्या निबंधातल्या आकड्यावरून कधीच करू नये. ‘एवढा लहान परिणाम हातून निसटला तर मला वाईट वाटेल’ असा सर्वांत छोटा आकडा कोणता, हे आधी स्वतःला विचारावे आणि त्यावर हिशेब मांडावा.

या नियमाचे उत्तम उदाहरण पुण्यात आहे. २००७ साली ‘डायबेटोलॉजिया’ या नियतकालिकात हैदराबादच्या सीसीएमबीचे गिरिराज चांडक आणि पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाचा निबंध आला. पुण्यातले ९५५ मधुमेही आणि तुलनेसाठी ३९९ माणसे घेऊन त्यांनी टीसीएफ-सेव्हन-एल-टू या वेगळ्या जनुकाची रूपे तपासली. संबंध स्पष्ट दिसला. जोखीम दीडपटीच्या जवळ होती. या रूपाचे प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास आणि जोखीम जवळपास दीडपट असे धरले, तर एवढ्या माणसांत ते सापडण्याची पॉवर ९५ टक्क्यांच्याही वर जाते. त्या प्रश्नासाठी ही संख्या भरपूर होती.

समजा याच माणसांत कोणी पीपार-गॅमाचा १.२५ पट परिणाम शोधला असता. पॉवर ४३ टक्के निघते. तेच रुग्ण, तेच रक्ताचे नमुने, तीच प्रयोगशाळा, तरी एका जनुकाचे उत्तर पक्के आणि दुसऱ्याचे नाणेफेकीसारखे. कारण दोन आहेत. जोखीम लहान आहे, आणि अ‍ॅलानीन तुलनेने दुर्मिळ आहे. दोन्ही रूपे जितकी निम्म्या-निम्म्या प्रमाणाकडे झुकतात, तितका तोच ऑड्स रेशो कमी माणसांत दिसतो. म्हणून ‘हा अभ्यास मोठा आहे का?’ या प्रश्नाला नुसते उत्तर नसते. कोणत्या अ‍ॅलीलसाठी आणि किती परिणामासाठी, ते सांगितल्याशिवाय पॉवरचा आकडा निरर्थक आहे.

इथे तुलना गटाचाही मुद्दा येतो. रुग्ण दवाखान्यात आपणहून येतात. निरोगी माणसाला रक्त द्यायला बोलावणे कठीण जाते. पण कमी असलेली बाजूच सगळा हिशेब खाली ओढते. तुलना गटातही ९५५ माणसे असती, तर पीपार-गॅमासाठीची पॉवर ४३ वरून ६६ टक्क्यांवर गेली असती. उलट कधी रुग्णच दुर्मिळ असतात. तेव्हा एका रुग्णामागे दोन तुलनेची माणसे घेतली, तर १,३४० रुग्णांऐवजी सुमारे ९८० पुरतात. चार घेतली तर ८०० च्या आत काम होते. दहा घेतली तरी ६९० लागतातच, आणि कितीही वाढवली तरी ६१६ च्या खाली जाता येत नाही. रुग्णांच्या बाजूची डगमग रुग्ण वाढवूनच कमी होते. म्हणून चाराच्या पुढे पैसा खर्च करण्यात सहसा अर्थ नसतो.

आता प्रत्यक्षात बिघडणाऱ्या दोन गोष्टी. पहिली आपल्याकडे फार महत्त्वाची आहे. तुलना गटातल्या माणसाला ‘तुम्हाला मधुमेह आहे का?’ असे नुसते विचारले आणि त्याने ‘नाही’ म्हटले, तर तेवढ्यावर विसंबता येत नाही. आपल्या देशात मधुमेह असूनही माहीत नसलेले लोक थोडे नाहीत. तुलना गटात दहा टक्के असे छुपे रुग्ण मिसळले असे धरू. मग त्या गटातले अ‍ॅलानीन १५ वरून १४.७ टक्क्यांवर येते. शोधायचा फरक एक-दशांशाने आकसतो, आणि वर्गाच्या नियमाने माणसांची गरज जवळपास एक-चतुर्थांशाने वाढते. १,३४० च्या जागी १,६५०. ग्लुकोज पाजून दोन तासांनी साखर तपासण्याचा खर्च या जादा तीनशे माणसांच्या खर्चाशी ताडून पाहावा. बहुतेक वेळा तपासणीच स्वस्त पडते.

दुसरी गोष्ट अधिक फसवी आहे, कारण ती माणसे वाढवल्याने बरी होत नाही. अ‍ॅलीलचे प्रमाण समाजा-समाजांत थोडे वेगळे असते. रुग्ण एका समाजातून जास्त आले आणि तुलना गट दुसऱ्यातून, तर मधुमेहाशी काही संबंध नसतानाही दोन-तीन टक्क्यांचा फरक सहज दिसेल. आपण जो शोधतो आहोत तोही तेवढाच आहे! अशा वेळी मोठा नमुना ही चूक झाकत नाही, उलट तिला भक्कम पी-मूल्य मिळवून देतो. अल्टशुलर यांच्या गटाने हा धोका टाळण्यासाठी कुटुंबांचा आधार घेतला. आई-वडिलांकडे दोन्ही रूपे असताना आजारी अपत्याकडे कोणते रूप जास्त वेळा आले, हे त्यांनी मोजले. एकाच घरात तुलना झाल्याने समाजाचा फरक मधे येत नाही. आता दुसरी पद्धत रूढ आहे. मधुमेहाशी ज्यांचा संबंध असण्याचे कारण नाही अशा शेकडो-हजारो जागा दोन्ही गटांत तपासतात. तिथेही सगळीकडे फरक दिसू लागले, तर दोष जनुकात नसून माणसांच्या निवडीत आहे असे ओळखतात.

इथवर आपण एकच ठरलेले अ‍ॅलील तपासत होतो, म्हणून पाच टक्क्यांची मर्यादा चालली. पूर्ण जनुकसंच धुंडाळायचा असेल तर जणू दहा लाख स्वतंत्र प्रश्न एकदम विचारले जातात. पाच टक्क्यांवर त्यांतले पन्नास हजार नुसत्या योगायोगाने ‘सापडले’ असे म्हणतील. म्हणून तिथे मर्यादा ठेवतात ०.०००००००५, म्हणजे दोन कोटींत एक. फरक डगमगीच्या २.८ पट नव्हे, ६.३ पट वर यावा लागतो. वर्ग करून पाहा: माणसे पाचपट. १.२५ साठी प्रत्येक बाजूला १,३४० ऐवजी सुमारे ६,७६०. २००७ सालच्या ब्रिटिश वेलकम ट्रस्टच्या गाजलेल्या अभ्यासात प्रत्येक आजाराचे सुमारे दोन हजार रुग्ण आणि तीन हजार जणांचा सामायिक तुलना गट होता. त्यांनी आपल्या निबंधातच लिहून ठेवले आहे की १.५ पट जोखमीसाठी त्यांची पॉवर सरासरी ८० टक्के होती आणि १.३ साठी ४३ टक्के. आपल्या अभ्यासाला काय दिसणार नाही, हे इतक्या उघडपणे सांगणारे निबंध मला फार आवडतात.

त्याच वर्षी तीन गटांनी मिळून १४,५८६ मधुमेही आणि १७,९६८ तुलनेची माणसे एकत्र केली. पीपार-गॅमाचे हे अ‍ॅलील त्यांच्याही यादीत होते. जोखीम निघाली १.१४. सव्वासुद्धा नाही. पी-मूल्य दहा लाखांत दोनच्या आसपास होते. बत्तीस हजारांहून जास्त माणसे मोजूनही दोन कोटींत एकची रेषा पार झाली नाही. हिशेब सांगतो की १.१४ साठी त्या रेषेवर ८० टक्के पॉवर हवी असेल, तर प्रत्येक बाजूला सुमारे १९,००० माणसे लागतात. पुढच्या काळात आणखी मोठ्या एकत्रित अभ्यासांत ती रेषा पार झाली.

आज महाराष्ट्रात कोणाला केवळ हे एक अ‍ॅलील तपासायचे असेल, तर १.१४ वरूनच सुरुवात करावी लागेल. समजा इथे अ‍ॅलानीन १२ टक्के आहे. पाच टक्क्यांची मर्यादा आणि ८० टक्के पॉवर धरली, तर प्रत्येक बाजूला सुमारे ४,५५० माणसे लागतात. छुप्या मधुमेहासाठीची वाढ यात धरलेली नाही. प्रत्येकी दीड हजारांपुरताच पैसा असेल तर पॉवर ३६ टक्क्यांवर थांबते. तो ३६ चा आकडा प्रस्तावात लिहावा, आणि रक्ताचा पहिला नमुना घेण्याआधीच दुसऱ्या दोन केंद्रांशी बोलून ठेवावे. नमुने एकाच पद्धतीने गोळा व्हावेत, मधुमेहाची व्याख्या तिन्हीकडे एकच असावी, आणि तिघांचे अ‍ॅलील शेवटी एकत्र मोजले जावेत.